परत न आलेली कनेक्शन्स

आमच्या बाजार समितीतली सोयाबीनची हर्राशी, म्हणजे लिलाव, मी आणि माझ्या भागीदारानं लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर चालते. जळगाव जामोदला बियाण्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बसून आम्ही ते लिहिलं. हे मी लग्नकार्यातसुद्धा सांगते. लोक कंटाळतात, पण मी सोडत नाही.

पहिल्याच हंगामात ते ऐन हर्राशीत बंद पडू लागलं. पडद्यावर लाल अक्षरांत यायचं, ‘टू मेनी कनेक्शन्स’. म्हणजे डेटाबेसनं एका वेळी जितकी कनेक्शन्स घ्यायची तितकी घेतली, आता नव्याला दार बंद. रीस्टार्ट केलं की चालू, थोड्या वेळानं पुन्हा तेच. फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागे.

सचिव साहेब ओरडत नसत, त्याचंच जास्त लागायचं. "मॅडम, आता एक डाव बंद पडलं तं उद्यापासून आपल्या कागदी चिठ्ठ्याच बऱ्या," ते म्हणाले. समितीच्या ओळखीतले पुण्याचे एक सल्लागार फोनवर होते. त्यांनी न बघताच औषध दिलं, "मर्यादा दीडशेवरून हजार करा."

मला राग आला. प्रत्येक कनेक्शन मेमरी खातं, आणि आमचा सर्व्हर चार कोअरचा, एका वेळी जेमतेम चार कामं पेलणारा. वजनकाटे दोनच असताना हजार गाड्या आत घेऊन माल लवकर मोजला जातो का? शिवाय गळक्या टाकीला मोठी टाकी हा उपाय नव्हे, गळती फक्त उशिरा दिसते.

हिशेब मात्र आमचाही चुकलेला होता. ॲपच्या आठ प्रती चालत, आणि प्रत्येकीचा कनेक्शनचा साठा, म्हणजे पूल, वीसपर्यंत वाढू शके. आठ विसे एकशे साठ, डेटाबेसची मर्यादा एकशे एक्कावन्न. पण आमचं एकेक काम डोळ्याची पापणी लवायच्या आत उरकायचं. इतकी कनेक्शन्स लागायचं कारणच नव्हतं.

समितीच्या माडीवरच्या खोलीत बसून मी डेटाबेसमध्ये यादी पाहिली. बहुतेक कनेक्शन्स ‘स्लीप’मध्ये, काहीही न करता बराच वेळ पडलेली. पूल मात्र म्हणत होता की ती सगळी कामावर आहेत. कुणीतरी नेऊन परत केली नव्हती.

"आपण तं हजारो ढिगांची टेस्ट केली होती. तवा काऊन नाही अडकलं?" भागीदारानं विचारलं.

मी लॅपटॉप मिटला आणि खाली हर्राशीच्या ओट्यावर, शेतकऱ्यांच्या मालाच्या ढिगांमध्ये जाऊन उभी राहिले. त्या दिवशी भाव पडला होता. आडत्यानं बोली सांगितली, एका म्हाताऱ्यानं मान हलवली, "नाही पटत," आणि तो पोत्यांची तोंडं बांधू लागला. शेजारच्यानंही तेच केलं. आमच्याकडे ही रीतच आहे, बोली पटली नाही तर शेतकरी माल परत नेतो. माझे बाबा तर त्यासाठी बदनाम आहेत.

तिथंच माझ्या लक्षात आलं. आमच्या टेस्टमध्ये प्रत्येक ढीग विकला जायचा. शेतकऱ्यांच्या घरची आम्ही दोघं, आणि आमच्या टेस्टमधला एकही शेतकरी कधी नाही म्हणाला नव्हता.

वर धावत आले. पुलाला सांगितलं, दहा सेकंदांत जे कनेक्शन परत येणार नाही ते कोडमधल्या कोणत्या ओळीनं नेलं ते लिही. थोड्याच वेळात इशारे आले आणि सगळे एकाच जागचे निघाले. सौदा झाला की कोड कनेक्शन परत करायचा. सौदा नामंजूर झाला की अर्ध्यातूनच बाहेर पडायचा, कनेक्शन हातातच.

"मायाच हातचं हाय हे," भागीदार म्हणाला. मी म्हटलं, "तपासलं तं म्याच होतं."

आम्ही कोड बदलला. सौदा होवो, मोडो की मध्येच चूक येवो, कनेक्शन परत करूनच बाहेर पडायचं. प्रत्येक प्रतीचा पूल दहावर आणला, म्हणजे सगळे मिळून ऐंशी. कधी गर्दी झाली तर काम क्षणभर रांगेत थांबेल, दार आपटणार नाही. मर्यादेला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी भाव आणखी पडला. सचिव साहेब माझ्या खुर्चीमागे उभे, टेबलावर चिठ्ठ्यांचे गठ्ठे तयार. खिडकीतून ओटा दिसत होता. नकारावर नकार येत होते. पडद्यावर वापरातल्या कनेक्शनचा आकडा चढायचा आणि लगेच उतरायचा.

मग बाबांच्या ढिगाची पाळी आली. आडत्यानं बोली सांगितली. बाबांनी मूठभर सोयाबीन उचललं, पाहिलं, परत टाकलं आणि मान हलवली. आकडा एकानं चढला, एकानं उतरला.

"चाललं म्हणा की," सचिव साहेब म्हणाले आणि त्यांनी गठ्ठे कपाटात ठेवले.

बाबा पोती बांधत होते. मला त्यांचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता. मी मागे वळून म्हटलं, "ते माये बाबा हायेत."