तीन ओळींची साक्ष

आमच्या अप्पांनी आयुष्यात एकच खटला लढवला, पण तो एकोणीस वर्षं. शेजाऱ्याने कुंपणाची भिंत दोन फूट आत घेतली म्हणून. निकाल अप्पांच्या बाजूने लागला तेव्हा शेजारी वारला होता आणि भिंत आपणहून पडली होती. पाणीखात्यात मीटरचे आकडे वहीत उतरवणारा हा साधा माणूस तोवर अर्धा वकील झाला होता. दिवाणी कोर्टातले कारकून त्यांना 'वादी' म्हणत, मग गल्लीही म्हणू लागली. त्यांना ते नाव आवडायचं, हे आणखी वर.

माझं लग्न मोडलं तेव्हा अप्पांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्यांनी चष्मा पुसला आणि पहिला प्रश्न विचारला, "कोर्टाने मुद्दे काढले का?"

घटस्फोटावर आम्हा नवरा-बायकोचं भांडण नव्हतंच. भांडण होतं ते एवढंच, की आमची आठ वर्षांची भिंगरी कुणाकडे राहणार. रात्रंदिवस मला तीच काळजी. आणि घरात अप्पा, माझ्या डोक्याला जास्तीचा ताप.

कुटुंब न्यायालयात पहिल्याच तारखेला त्यांचा हिरमोड झाला. साक्षीदाराचा पिंजरा नाही, कोपऱ्यात चक्क खेळणी. माझ्या वकीलबाईंनी माझी बाजू मांडण्यासाठी कोर्टाची परवानगी मागितली तेव्हा तर ते माझ्या कानात फुसफुसले, "वकिलाला परवानगी कसली? हे कोर्ट आहे की बालवाडी?" वकीलबाई नंतर म्हणाल्या, "अप्पा, इथे वकील लावणं हा हक्क नाही. पक्षकाराने स्वतः बोलावं अशी अपेक्षा असते." अप्पा ऐकतील तर शप्पथ.

न्यायाधीशबाईंनी आम्हा नवरा-बायकोला आधी समुपदेशकांकडे पाठवलं. अप्पांनी आदल्या दिवशी मला पढवलं, "तोंड उघडू नकोस. जे बोलशील ते उलटतपासणीत तुझ्याच गळ्यात येईल." मी शहाणी, दोन बैठकांना मूग गिळून बसले. तिसऱ्या बैठकीला समुपदेशकबाईंनी पेन खाली ठेवलं.

"ताई, तुमचं इथलं बोलणं पुराव्यात जात नाही. मला साक्षीलाही बोलावता येत नाही. मुलीबद्दल कोर्टाने अहवाल मागितलाय, तेवढा मी देणार. बाकी सगळं या खोलीत राहतं."

मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. दोन महिने फुकट गेले होते. बोलायला लागल्यावर कळलं, की भिंगरीच्या बाबाला ती कायमची नकोच होती. शनिवार-रविवार आणि अर्ध्या सुट्ट्या, बस.

"मग ताब्याचा अर्ज कशाला केलास?" मी विचारलं.

"तुझ्या अप्पांनी लिहून घेतलेली नोटीस आधी आली," तो म्हणाला. "आणि खरं सांगू? ती माझ्याकडे येते तेव्हा नुसती बसून राहते. तुझ्या घरात काहीतरी बिनसलंय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या घरात? तडजोड तिथेच फिसकटली आणि प्रकरण पुराव्यावर गेलं.

मग अप्पांनी वही काढली. सात महिने, दर रविवारी संध्याकाळी भिंगरी बाबाकडून परत आली की ते तिला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून विचारत, काय खाल्लं, कोण आलं होतं, आईबद्दल काय बोलले. उत्तरांना क्रमांक, वर तारीख. मी तिथेच ओट्याशी असायचे. आजोबा-नातीच्या गप्पा आहेत, असं मी स्वतःला सांगायचे. खरं तर मलाही ऐकायचं असायचं.

वकीलबाईंनी वही चाळून कपाळाला हात लावला. "अप्पा, दिवाणीत हे ऐकीव म्हणून बाजूला पडलं असतं. इथे कोर्टाला उपयोगी वाटलं तर घेता येतं. शाळेची हजेरी, डॉक्टरचा दाखला असल्या औपचारिक गोष्टी तर नुसत्या शपथपत्रावर चालतात, कुणाला हेलपाटे नाहीत. पण शपथपत्र करणाऱ्याला बोलावून कोर्ट प्रश्न विचारू शकतं. तेव्हा ही वही जोडू नका."

एवढं ऐकल्यावर अप्पा थांबतात होय? स्वतःच्या शपथपत्राला त्यांनी वही जोडायलाच लावली. जोडलेल्या कागदांच्या यादीवर माझीही सही आहे.

सुनावणीला ते इस्त्रीचे कपडे घालून, चार शेजाऱ्यांना बरोबर घेऊन आले. पण भिंगरीच्या बाबाने सुनावणी बंद दाराआड व्हावी असा अर्ज दिला होता, आणि एका पक्षाने मागितलं तरी इथे ते द्यावंच लागतं. शिपायाने पाचही जणांना बाहेर काढलं. "भिंतीच्या वेळी सगळा गाव बसायचा," अप्पा त्याला ऐकवत होते. त्याने दार लावून घेतलं.

अर्ध्या तासाने त्यांचं नाव पुकारलं. ते ताठ मानेने आत आले. न्यायाधीशबाईंनी त्यांना खुर्ची दिली. समोर वही होती, शेजारी समुपदेशकांचा अहवाल.

"आजोबा, वहीत उत्तरं आहेत. प्रश्न कुणाचे?"

"माझे, मॅडम. एकही सूचक प्रश्न नाही."

"एका वेळी किती?"

"पंचवीस. अलीकडे तीस."

"आणि मूल मध्येच उठलं तर?"

"उठत नाही, मॅडम. साक्ष पूर्ण झाल्याशिवाय..." इथे अप्पा थांबले.

बाईंनी अहवालातलं एक वाक्य वाचलं. भिंगरी समुपदेशकांना म्हणाली होती, 'बाबांकडे मी काहीच करत नाही. काही केलं की रविवारी सांगावं लागतं.'

गेली आता मुलगी, असंच वाटलं. ओट्याशी मीच तर उभी असायचे.

बाईंनी लेखनिकाला टिपण सांगितलं. साक्षीदार मुलीचे आजोबा आहेत. प्रत्येक भेटीनंतर ते मुलीला पंचवीस ते तीस प्रश्न विचारून उत्तरं लिहून घेतात. तोवर मूल जागेवरून उठत नाही.

"एवढंच?" अप्पा म्हणाले. "भिंतीच्या वेळी माझी साक्ष एक्केचाळीस पानं झाली होती."

"इथे साक्षीचा सारांशच नोंदवतात. वाचून सही करा."

अप्पांनी तीन ओळी दोनदा वाचल्या. मग सही केली, जरा वाकडी.

बाईंनी आम्हा दोघांना त्याच दिवशी पुन्हा समुपदेशकांकडे धाडलं. तासाभरात अटी लिहून झाल्या. भिंगरी माझ्याकडे, शनिवार-रविवार आणि अर्ध्या सुट्ट्या बाबाकडे. चौथी अट त्याने सांगितली, की भेटीनंतर मुलीला कुणीही काहीही विचारणार नाही. "मला एवढंच हवं होतं," तो म्हणाला. मी सही केली, तेव्हा त्याच्याकडे बघवलं नाही. कोर्टाने त्याच अटींवर हुकूम केला.

घरी आल्यावर अप्पांनी हुकूम दिव्याखाली धरला. "'कुणीही' म्हणजे कोण? व्याख्या कुठाय?"

"तुम्ही, अप्पा. तुम्ही आणि मी." मी इतक्या जोरात बोलले की शेजारचा रेडिओ बंद झाला. अप्पा गुपचूप आत गेले. त्या आठवड्यात कायद्याचा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही.

रविवारी संध्याकाळी भिंगरी आली. अप्पा खुर्चीत हात बांधून बसले होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "तिला पाणी हवंय का, एवढं विचारलं तर चालतं का गं?"

मी काही बोलायच्या आत भिंगरीने चपला काढल्या, स्वयंपाकघरातून स्टूल ओढत आणलं, त्यांच्यासमोर ठेवलं आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसली.

"दुपारी घरीच जेवले," ती सांगू लागली. "बाहेर गेलो नाही. घरात तिसरं कुणी नव्हतं. आईबद्दल कुणी काही बोललं नाही."

अप्पांचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"लिहा ना आजोबा," ती म्हणाली. "तुम्ही लिहिल्याशिवाय मला उठता येत नाही."