निम्मं दुकान

रेवदंड्याजवळचं आमचं जाळ्यांचं आणि दोरखंडांचं दुकान आषाढात जळालं. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात जाणार, म्हणून बाबांनी दुकान छतापर्यंत भरलं होतं. नायलॉन वितळून सगळ्या जाळ्यांचा एकच काळा गोळा झाला. मोजायचं काय, कपाळ?

विमा कंपनीचा सर्व्हेअर शेजारच्या चहावाल्याच्या बाकावर बसला. "माल मोजता येत नाही, तर अंदाज काढायचा," तो म्हणाला. मार्चअखेरचा शिल्लक माल धरायचा, त्यात नंतरची खरेदी मिळवायची. विक्रीतून नेहमीच्या दराने नफा काढून टाकायचा आणि विकलेल्या मालाची जी मूळ किंमत उरेल, ती वजा करायची. राहिला तो जळालेला माल.

आकडा ऐकून बाबा उठून उभेच राहिले. "अहो, याच्यापेक्षा कितीतरी जास्त माल होता आत!"

होताच. पण शिल्लक कमी दाखवली की नफा कमी दिसतो, म्हणून कर वाचवायला बाबा दर मार्चला शिल्लक माल निम्माच दाखवायचे. आजोबांचीच रीत. बाजारात सगळे हेच करतात, म्हणे. आता भोगा!

"मार्चचा आकडा खोटा होता, साहेब," बाबा शेवटी म्हणाले. "माल दुप्पट होता."

"तसं लिहून देता?" सर्व्हेअरने शांतपणे विचारलं. "खोट्या हिशेबावर मग काहीच मिळणार नाही."

बाबांनी सर्व्हेअरच्या कमी आकड्यावरच सही केली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मालाचा खरा आकडा सांगितला होता, आणि तो त्यांना स्वतःच्याच हाताने खोडावा लागला.