आत्याचे बारा टीबी

माझी आत्या फोटोग्राफर. तिच्या एका खोलीच्या स्टुडिओत बावीस वर्षांचे फोटो एकाच काळ्या डिस्कपेटीत आहेत, बारा टीबी. दुसरी प्रत नाही. मध्यंतरी पेटी टिकटिकायला लागली आणि आत्याची झोप उडाली. तिने एका बॅकअप कंपनीत खातं उघडून फोटो इंटरनेटवरून चढवायला घेतले.

कंपनीचा मदतनीस फोनवर भलता गोड. मी त्याची नक्कल करते तेव्हा आत्या पोट धरून हसते. "मॅऽडम, लाइन अखंड चालली तर छप्पन्न दिवस." पण अखंड चालणार कशी? आत्या घरी निघताना स्टुडिओचा मेन स्विच बंद करते, आगीच्या भीतीने, पहिल्या दिवसापासून. दिवसा गिऱ्हाइकांना फोटो पाठवायचे म्हणून पुन्हा अपलोड थांबवते. बारा दिवसांत जेमतेम सात टक्के!

मदतनीस म्हणाला, डिस्कच कुरियरने पाठवा. आत्या भडकली. अख्ख्या गावाचे चेहरे एका कुरियरवाल्याच्या पिशवीत टाकायचे? बाबांनी समजावून पाहिलं, तर त्यांनाही झापलं.

मग एक बाई आल्या. नवरा गेलेला, त्याचा जुना पासपोर्ट फोटो हवा होता. फाइल तिसऱ्या खेपेला उघडली. आधी दोनदा पेटी नुसती टिकटिकली होती. बाई गेल्यावर आत्याने स्वतःच कंपनीला फोन लावला.

"माझी पेटी जाणार नाही. चालेल?"

"मॅडम, तुमची जायचीच नाहीये. आम्ही रिकामी डिस्क पाठवतो, तुम्ही प्रत करायची. प्रत कुलूपबंद होते; किल्ली म्हणजे पासवर्ड, तो तुमच्याकडेच. वाटेत कोणी पळवली तरी त्याला नुसता लोखंडाचा डबा."

"हे आधी नाही का सांगायचं?"

त्याने तीनदा सांगितलं होतं, पण आत्यापुढे कोण बोलणार.

प्रत व्हायला दीड दिवस लागला. आत्याने मेन स्विच चालू ठेवला आणि निम्म्या रस्त्यातून दोनदा परत येऊन भिंतीला हात लावून पाहिला, गरम झालीय का म्हणून. डिस्कच्या खोक्यावर तिने सवयीने 'फोटो, दुमडू नये' असा शिक्का मारला. चौथ्या दिवशी ते पोचलं, सहाव्या दिवशी कंपनीकडे सगळं चढलं. मधल्या आठवड्यातले नवे फोटो तेवढे लाइनवरून गेले, तासाभरात.

तरी आत्याचा विश्वास बसेना. प्रत्येक वर्षातला एक फोटो उघडून दाखवा, असा तिने मदतनिसाला हुकूम सोडला.

"मॅडम, किल्ली तुमच्याकडे. आम्हाला काहीच दिसत नाही."

मग ती स्वतः उघडत बसली आणि त्याला दिसत नाही म्हणून प्रत्येक फोटो फोनवरच सांगत गेली: हा शिक्षकांचा ग्रुप, ह्यातल्या ह्या दोघांचं पुढे एकमेकांशी लग्न झालं; हे जुळं, एकाने दुसऱ्याचा शर्ट घातलाय. मला वाटलं, आता हा फोन ठेवणार. बाविसावा झाला, आत्या थांबली.

पलीकडून आवाज आला, अजिबात गोड नाही, साधाच. "ते दोघं शिक्षक... त्यांचं तेव्हा माहीत होतं का हो कोणाला?"

आत्याने खुर्ची पुढे ओढली.