मातीच्या घरातलं धूळयंत्र

आमच्या चांद्याच्या घरात वीज होती, पण जमीन मातीची होती. दर आठ-दहा दिवसांनी शेणानं सारवावी लागे. माझ्या पत्नीला दमा जडल्यावर डॉक्टरांनी केरसुणीला बंदी केली. सासऱ्यांच्या वडशाच्या घरी फरशी होती, तिथं तिला न्यावं असं सगळ्यांचं मत पडलं. ती मात्र ऐकेना. "तिकडं गेले तर परत यायची नाही मी," एवढंच ती मला म्हणाली. मी शाळामास्तर. वर्गात बोलायचो, घरी मला शब्द सुचत नसत.

मग तिच्या धाकट्या भावानं तोडगा काढला. तो कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये विजेच्या मोटारी दुरुस्त करी. खाणीचे साहेब घर आवरून विलायतेला गेले, तेव्हा त्यांचं धूळ ओढायचं यंत्र त्यानं मिळवलं. आडव्या नळकांड्यासारखं, पुढं जाड कापडी नळी. तिला ते फार आवडलं. खाटेवर बसून ती मला सांगे, "अहो, त्या कोपऱ्यात फिरवा," आणि मी फिरवत असे. तो सबंध पावसाळा ती घरातच राहिली.

दिवाळीनंतर यंत्र ओढेनासं झालं. आवाज मात्र बारीक होऊन वर चढला, आणि काही दिवसांनी मध्येच अडखळू लागला. मागच्या जाळीतून गरम, करपट वास येऊ लागला. मी पुन्हा केरसुणी हातात घेतली. त्या रात्री तिला आडवं होता आलं नाही. हे कळताच सासऱ्यांचा निरोप आला की बैलगाडी स्टेशनवर पाठवतो, तिला घेऊन या.

रविवारी मेहुणा हत्यारांची पिशवी घेऊन आला. त्यानं झाकण काढलं, आतली पिशवी बाहेर घेतली. तिच्यामागं मोटारीच्या तोंडाशी एक कापडी गाळणी होती. तिच्यावर मऊ, पिवळट थर घट्ट बसला होता. त्यानं तो बोटावर घेऊन पाहिला आणि हसला.

"बाई, हे मशीन कचरा नाई, तुही जमीनच खाऊन राह्यलं."

"मंग उपाशी ठेवू काय त्याले?" ती म्हणाली. माहेरचं माणूस आलं की तिची बोली बदलायची.

गाळणी अंगणात झटकून त्यानं यंत्र चालू केलं आणि तोंडाशी तळहात धरला. आता ओढ होती. नळी लावली, तर नळीच्या टोकाशी काहीच नाही. म्हणजे नळीतही अडकलं होतं. बांबूची लवचीक कामटी घालून त्यानं उशीतल्या सावरीच्या कापसाचा आणि केसांचा एक बोळा बाहेर काढला. केस लांब होते, तिचेच, गळालेले. ती बघत होती, म्हणून त्यानं तो चटकन मुठीत घेतला.

"मोटारीतून जाणारी हीच हवा तिले थंड ठेवते, भाऊजी. हवाच नाई तर तापन नाई तर काय? पण अडखळते काऊन, ते पाहू."

मोटारीच्या दोन बाजूंना कोळशाच्या दोन छोट्या कांड्या होत्या. आत फिरणाऱ्या तांब्याच्या कड्यावर टेकून त्या वीज पोचवतात. झिजून त्या नखाएवढ्या उरल्या होत्या. स्प्रिंगचा दाब पुरत नव्हता, म्हणून ठिणग्या उडत होत्या.

"खाणीत राह्यतं आन कोळसाच कमी पडला काय रे?" ती म्हणाली. हसता हसता तिला ढास लागली. ती थांबेपर्यंत त्यानं हातातलं हत्यार खाली ठेवलं.

त्यानं एका मोठ्या मोटारीच्या जुन्या कांडीतून दोन तुकडे कापले, कानशीनं घासून मापात आणले. तांबं साफ करून, त्याच्या गोलाईवर बारीक काचकागद ठेवून कांड्यांची टोकं बसती केली. यंत्र एकसारखं गुणगुणू लागलं. वास गेला.

जाताना तो अंगणात मला हळूच म्हणाला, "भाऊजी, हे सतरंजीसाठी केलेलं मशीन हाय. मातीवर चालवसान तर पुन्हा तेच होईन."

मी बाजारातून शिंदीच्या चटया आणल्या आणि तिच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरल्या. त्यांच्यावरच यंत्र फिरवायचं, गाळणी दर वेळी बाहेर झटकायची. वडशाला निरोप गेला की गाडी पाठवू नका.

फाल्गुनात ती गेली. यंत्र शेवटच्या दिवसापर्यंत नीट चालत होतं. दमा हवेतल्या धुळीपलीकडचा होता, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. ती गेली ती तिच्याच खोलीत, एवढं तिच्या मनासारखं झालं.

तेराव्याला शेजारच्या बाया आल्या. त्यांनी चटया गुंडाळून परसात टाकल्या आणि केरसुण्या घेऊन सगळं घर झाडायला लागल्या. मी घाईनं उठलो, त्यांना थांबवायला. दारापर्यंत गेलो. खोलीभर धूळ उडाली होती आणि खिडकीच्या उन्हात सावकाश खाली बसत होती. खोकायला घरात कोणी नव्हतं. मी बायांना वाट दिली.