सूनबाईंचा राखीव अर्धा तास

आमच्या सूनबाईंचं वर्णन एका वाक्यात करा म्हणाल, तर ही बाई बोलणाऱ्याचं बोलणं थांबवते आणि वर त्याच्याकडून आभारही घेते. मोठ्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर तिनं बरीच वर्षं काढली. एखादा म्हातारबाबा खिडकीत डोकं घालून गुडघ्यापासून सुरू करतो, तो जावयाच्या नोकरीपर्यंत पोचतो. मागे रांग शेपटासारखी वाढते. पण सूनबाईंपुढे तोच बाबा दोन मिनिटांत हसत बाकावर जाऊन बसतो. जादू नाही, तीन पायऱ्या आहेत. त्याचं म्हणणं एका वाक्यात त्यालाच परत सांगायचं, पुढे काय होणार ते सांगायचं, आणि कुठे जाऊन बसायचं ते दाखवायचं. झालं!

हे दवाखान्याच्या कानावर गेलं. खिडकीवरच्या अठरा जणांना दोन दिवस शिकवा, म्हणाले. जमलं तर शिकवण्याचं काम कायमचं तुमचं. नाही जमलं तर आपली खिडकी आहेच. सूनबाई त्या दिवशी घरात चालत नव्हती, तरंगत होती. भाजीत मीठ दोनदा पडलं आणि आम्ही सगळ्यांनी ती गोड मानून खाल्ली.

मग जेवणाच्या टेबलावर कार्यशाळेचं वेळापत्रक मांडलं गेलं. एकेका सत्राची एकेक चिठ्ठी. मी मदतीला बसलो, म्हणजे आडवा आलो.

"बाबा, चहा आणि जेवणाच्या चिठ्ठ्या हलवू नका. त्या खुंट्या आहेत."

"आणि बाकीच्या?"

"बाकीची सत्रं दोरीवरचे कपडे. सरकवता येतात. पण उपाहारगृहवाला जेवण एक वाजताच वाढणार, आणि पाचला सुटी म्हणजे सुटी. लोकांच्या गाड्या असतात."

जेवणानंतर तिनं भाषण ठेवलं नव्हतं, सराव ठेवला होता. "पोट भरल्यावर भाषण म्हणजे अंगाई," म्हणाली. आणि दोन्ही दिवशी दुपारच्या चहानंतर, शेवटच्या तासाच्या तोंडाशी, एकेक चिठ्ठी कोरी ठेवली. अर्धा अर्धा तास. वर नुसतं लिहिलं, राखीव.

"ह्यात काय करणार?" मी विचारलं.

"काहीच नाही. सराव लांबला की तो ह्यात सांडेल. भांडं काठोकाठ भरून कुणी चुलीवर ठेवतं का?"

आमच्या गावच्या शाळेत मधली सुट्टी हाच एक विषय मला पक्का येत होता, त्यामुळे मला हे लगेच पटलं. पटलं नाही ते व्यवस्थापकांना. त्यांना सगळे मागून भाषणसाहेब म्हणत. माणूस मनाचा चांगला, पण माइक दिसला की हात शिवशिवायचे. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "बाई, रिकामा वेळ? पगार देऊन लोकांना रिकामं बसवायचं?" आणि दोन्ही राखीव चिठ्ठ्यांवर स्वतःचं नाव लिहून टाकलं. पहिल्या दिवशी 'आपली वाटचाल', दुसऱ्या दिवशी 'समारोप'.

सूनबाई घरी येऊन पातेली आपटत होती. चिरंजीव म्हणाले, "अगं, बोलतील पाच मिनिटं."

"ते? पाच मिनिटांत ते फक्त घसा साफ करतात!"

पहिला दिवस. मी तिथे होतो, कारण सरावाचा रुग्ण मीच. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्हाला शिकवायला नको. तुम्ही नुसते रोजच्यासारखे बोला." तिघातिघांचे सहा गट. एकानं खिडकी सांभाळायची, दोघांनी बघायचं. पाच मिनिटं बोलणं, पाच मिनिटं त्यावर चर्चा. कागदावर तास बरोबर बसत होता. पण कागदाला खुर्च्या सरकवाव्या लागत नाहीत, आणि कागद पोट धरून हसतही नाही! मी पहिल्याच मुलीला गुडघ्यावरून विहिरीत पडलेल्या रेड्यापर्यंत नेलं, तर ती बिचारी पायऱ्या विसरून विचारते, "मग रेडा निघाला का हो?" आख्खी खोली हसली.

सत्र लांबलं. एरवी ते राखीव वेळात सांडलं असतं. पण तिथे 'आपली वाटचाल' उभी होती, आणि ती वाटचाल पाच वाजेपर्यंत पायीच चालली. माझे दोन गट राहिले ते राहिलेच, शेवटचं सत्रही दुसऱ्या दिवशी ढकललं.

दुसऱ्या सकाळी सूनबाईनं राहिलेले दोन्ही गट आणि ते ढकललेलं सत्र आधी उरकलं. त्यामुळे फोनवर बोलण्याचा सराव दुपारी गेला, आणि तो लांबताच सगळ्यात महत्त्वाचं सत्र कड्याच्या टोकावर आलं. प्रत्येकानं आपल्या खिडकीवर उद्यापासून नेमकं काय बदलणार ते करून दाखवायचं, ते हे सत्र. तेच नाही झालं तर दोन दिवस नुसती करमणूक! आणि उरलेल्या वेळेवर नाव कुणाचं, तर भाषणसाहेबांचं.

चहाच्या वेळी सूनबाई कपातला चमचा इतका फिरवत होती की साखरच काय, चमचा विरघळेल असं वाटलं. मग एकदम थांबली. डोळे चमकले. तडक साहेबांकडे गेली.

"साहेब, एक विनंती. समारोप तुमचाच. पण मंडळींना खऱ्या बोलणाऱ्या माणसावर सराव हवाय. तुम्ही रुग्ण व्हाल? तुम्ही बोलायचं, त्यांनी थांबवायचं. उद्यापासून आपल्या खिडकीवर काय बदलणार, ते प्रत्येकानं त्यातच दाखवायचं."

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. मला वाटलं, गेलं काम. मग त्यांनी कोटाचं बटण सोडलं आणि म्हणाले, "मला थांबवणार? हे? बघूच!"

अहो, काय सांगू! साहेब खिडकीपाशी उभे राहिले आणि पाठीच्या दुखण्यावरून दवाखान्याच्या पायाभरणीवर गेले. पहिली मुलगी, तीच रेडेवाली, शांतपणे म्हणाली, "म्हणजे आजोबा, पाठ आठवडाभर दुखतेय आणि वाकता येत नाही. डॉक्टर आत तपासताहेत, तुमचा नंबर तिसरा. त्या दाराजवळच्या बाकावर बसा, मी हाक मारते." साहेब चक्क बसले की हो बाकावर! टाळ्यांनी छत हाललं.

"पुन्हा!" साहेब ओरडले. "आता कान दुखतोय माझा!"

मग कान, दात, सासूबाईंचं पथ्य, सगळं झालं. एकेक जण आपल्या पद्धतीनं थांबवत गेला. कुणाला मिनिट लागलं, कुणाला अर्धं. समारोपाचा अर्धा तास आणि ते सत्र एकाच भांड्यात शिजलं. अठरा जणांचं आटोपलं तेव्हा पाच वाजायला थोडा अवकाश होता, आणि साहेब घामाघूम होऊन लहान पोरासारखे हसत होते.

निघताना ते सूनबाईला म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून शिकवण्याचं काम तुमचं. आणि तो राखीव वेळ काय तो ठेवा. मी हात लावणार नाही." दाराशी जाऊन परत वळले. "फक्त रुग्ण मीच. तुमच्या सासऱ्यांना सुटी द्या."

माझी नोकरी अशी गेली. तिची लागली. घरी येऊन मी हे सगळं शेजारच्या काकांना रंगवून सांगत होतो, रेडा नुकता विहिरीच्या काठावर आला होता. सूनबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि गोड हसून म्हणाली, "म्हणजे बाबा, कार्यशाळा छान झाली आणि तुम्हाला भूक लागलीय. पानं घेतलीत. तुमचं पान भिंतीकडेचं."

उठलो की मी. आणि वर थँक्यू म्हणालो.