काशीरामची दोरी आणि बायजाचे चाळीस फूट

आमच्या आचोळ्याच्या काशीरामला मोजपट्टीचा मनापासून राग होता. "एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर. जी वस्तू दोन तोंडांनी बोलते तिच्यावर काय भरवसा ठेवायचा?" असं तो म्हणायचा. त्याची भिस्त एका निळ्या नायलॉनच्या दोरीवर होती. चाळीस फुटांची दोरी, दर दहा फुटांवर लाल धागा गुंडाळलेला. बाजारातल्या हार्डवेअरवाल्याच्या पट्टीवर त्याने स्वतः ती मोजून घेतली होती. त्यानंतर तीच दोरी भाताचे भारे करकचून बांधायला, चिखलात रुतलेली म्हैस ओढून काढायला आणि बैलगाडीवरचं सामान आवळायलाही वापरली गेली. त्यात काही बिघडेल असं त्या भल्या माणसाच्या मनातही आलं नाही.

शहाण्णव साली आम्ही त्याच्याकडून प्लॉट घेतला तेव्हा नालासोपारा पूर्वेला भातशेतीत बिल्डिंगी धडाधड उभ्या राहत होत्या. काशीरामच्या बापाची जमीन बरीचशी आधीच गेली होती. उरली होती रस्त्याला लागून एक पट्टी. रस्त्याकडेने दोनशे फूट लांब, आत बांधापर्यंत पन्नास फूट. सरकारी मोजणी झालेली, चारी कोपऱ्यांना दगड, बिनशेतीची परवानगी हातात. त्याने तिचे पाच प्लॉट पाडले, चाळीस बाय पन्नासचे. चाळीस गुणिले पन्नास म्हणजे दोन हजार चौरस फूट, भाव फुटाला दीडशे, एका प्लॉटचे तीन लाख. घासाघीस करायला गेलेले आमचे हे पाच मिनिटांत गप्प झाले, कारण काशीराम घासाघीस करतच नसे. समोरच्याला चहा पाजून तो तीच किंमत पुन्हा सांगायचा.

पहिला प्लॉट आमचा, दुसरा पीटरचा, तिसरा डोंबिवलीच्या एका मास्तरांचा, चौथा सावंतांचा. पाचवा विकायचा नव्हता. "तो बायजाचा," असं त्याने प्रत्येकाला पहिल्याच भेटीत सांगून टाकलं.

बायजा त्याची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. स्टेशनजवळ भाजी विकायची आणि एका चाळीतल्या भाड्याच्या खोलीत राहायची. आमच्याकडे बहिणीने माहेरच्या जमिनीवर अंगठा उठवायचा, साडी-चोळी घ्यायची आणि भावाला आशीर्वाद देऊन निघायचं, ही रीत. काशीरामने तिच्याकडून हक्क सोडून घेतला नाही. आमच्या चारही खरेदीखतांवर त्याच्या सहीशेजारी तिचा अंगठा आहे. गावाला ही गोष्ट पचत नव्हती. "बघू ना, शेवटी देतो का ते," असं त्याचे चुलतभाऊ चहाच्या टपरीवर बसून म्हणायचे. ते काशीरामच्या कानावर जायचं आणि त्याचे कान लाल व्हायचे.

प्लॉट आखताना त्याने आमच्या टोकापासून दोरी टाकली. चाळीस फूट, खुंटी. चाळीस फूट, खुंटी. चार झाले. पाचवा आखलाच नाही. दोनशेतून एकशे साठ गेले, उरले चाळीस, त्यात मोजायचं काय? शिवाय तिथे घाणेरीचं रान माजलं होतं. ते तसंच ठेवलं.

वर्षभराने बायजाच्या घराचं मनावर घेतलं. त्याच सुमारास आम्हीही दर्शनी कुंपणभिंत बांधायला काढली होती. गवंड्याने चाळीस फुटांच्या हिशेबाने विटा मागवल्या आणि शेवटच्या थराला विटा संपल्या. मी त्याला असं काही सोलून काढलं की बिचारा दुपारचं जेवण न जेवताच गेला. विटा कुठे गेल्या, हे मी त्याला चार वेळा विचारलं. त्याला कसं माहीत असणार!

दुसऱ्या दिवशी सकाळीच फाटकाशी आरडाओरडा ऐकू आला. काशीराम उभा, खांद्यावर निळी दोरी, मागे बायजा पदर खोचून. घाणेरी साफ करून पाया आखायला गेले, तर तिचा प्लॉट दोरीने साडेतीस फूट भरला होता.

"वैनी, कोनी तरी खुंटी सरकवलीय," तो म्हणाला. "माज्या बयनीची साडेनऊ फूट जमीन खाल्लीय तुमच्यातल्या कोनी तरी."

आता एवढं ऐकून गप्प बसेन तर ती मी कसली! मी म्हटलं, "काशीरामभाऊ, आधी मोजा, मग बोला."

त्याने मोजलं, तोवर आवाज ऐकून शेजारचे तिघेही बाहेर आले. आमचा प्लॉट चाळीस. पीटरचा चाळीस. मास्तरांचा चाळीस. सावंतांचा चाळीस, बोटभरही कमीजास्त नाही. पुन्हा बायजाचा मोजला, साडेतीस. एकूण भरले एकशे साडेनव्वद. दोन्ही टोकांचे सरकारी दगड तर जागेवर होते, शेवाळ धरून बसलेले.

"दोनशेची साडेनव्वदावर एकशे कशी झाली?" तो शब्द उलटेपालटे करत पुटपुटला. "साडेनऊ फूट जमीन गेली कुटं? उडाली?"

टपरीवरचे दोन चुलतभाऊ एव्हाना येऊन उभे राहिले होते. त्यातला एक हसून म्हणाला, "बयनीच्याच वाट्याची उडाली, नाय का?"

 बायजाने भावाकडे बघितलं. ती नजर मी पाहिली. तिच्या मनात क्षणभर शंका आली होती, आणि ती आलेली काशीरामलाही कळली. लोकांनी वर्षभर मारलेले टोमणे त्याला जेवढे लागले नव्हते, तेवढी ती तिची नजर लागली. 

आमचे हे घरातून पोलादी टेप घेऊन आले. काशीरामने तोंड वाकडं केलं, पण अडवलं नाही. आमची दर्शनी बाजू भरली बेचाळीस फूट. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला: विटा जास्तीच्या दोन फूट भिंतीत गेल्या होत्या! पीटरची बाजू बेचाळीस, मास्तरांची बेचाळीस, सावंतांची बेचाळीस. चार बेचाळीस एकशे अडुसष्ट. बायजाचे बत्तीस. बेरीज बरोब्बर दोनशे.

मग ह्यांनी ती दोरी जमिनीवर ताणून तिच्याशेजारी टेप धरली. पहिला लाल धागा दहा फुटांवर नव्हता, साडेदहावर होता. चौथा बेचाळीसवर.

"भारे आवळून आवळून ताणलीय ती," पीटर हळूच म्हणाला.

काशीराम तिथेच बांधावर बसला. खुंटी कोणी हलवली नव्हती, जमीन कोणी खाल्ली नव्हती. त्यानेच दर प्लॉटला दोन फूट जास्तीचे वाटले होते, आणि ते आठही फूट बहिणीच्या वाट्यातून गेले होते. त्याने आधी आम्हा सगळ्यांची हात जोडून माफी मागितली, मग बायजाची. बायजा म्हणाली, "उट दादा, लोकं बगतात." तिचा आवाज मऊ झाला होता.

पण आठ फुटांचं काय? चौघांनी कुंपणं मागे घ्यावीत असं म्हणणं सोपं होतं. आमची एक खुंटी दोन फूट सरकली असती, पण पीटरची पलीकडची चार, मास्तरांची सहा आणि सावंतांची आठ. सावंतांनी नेमकी त्या कडेला बोअर मारली होती, पाणीही गोड लागलं होतं. ते म्हणाले, "दस्तात चाळीस आहे हे कबूल, पण खुंट्या तुम्हीच ठोकल्या. चूक तुमची, बोअर का सोडू?" माणूस हट्टी खरा, पण त्यांचंही चुकत नव्हतं.

मग पैशांवर आलं. प्रत्येकाकडे दोन गुणिले पन्नास, शंभर चौरस फूट जास्तीचे. कोणत्या भावाने? वर्षभरात भाव दीडशेवरून अडीचशेवर गेला होता. दीडशेने पंधरा हजार, अडीचशेने पंचवीस हजार. सावंत दीडशेवर अडले. मी म्हटलं, "बायजाबाई आज घर बांधणार, आजचा भाव द्यायला हवा." आमच्या ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांचाच गळा धरलाय.

काशीराम उठला. "वैनी, भूल त्या दिसाची, तर भाव बी त्या दिसाचा. दीडशेनं द्या."

"आणि बायजाचं नुकसान?" मी विचारलं.

"तिचे आठ फूट, मंजे चारशे चौरस फूट. आजच्या भावानं एक लाख. तुमा चौघांचे साठ हजार, वरचे चाळीस माजे. तो माज्या दोरीचा दंड."

बायजा "नको, नको" म्हणत राहिली. तो ऐकेना. पुढच्या महिन्यात त्याने दोन म्हशी विकल्या, कमी पडले ते सोसायटीतून कर्जाऊ उचलले आणि आपले चाळीस हजार तिच्या खात्यात भरले. आम्हीही भरले, सावंतांनीसुद्धा, तोंड आंबट करून पण वेळेवर. घाणेरडा प्रसंग होता, पण त्यानंतर आमची पाच घरं जवळ आली. माणसाची चूक झाली तर ती कशी निस्तरायची, हे मी काशीरामकडून शिकले आणि मला त्याचं फार कौतुक वाटतं.

बायजाच्या नावाचा दस्त करायला तो वसईला गेला, तेव्हा साक्षीदार म्हणून आम्हा दोघांना घेऊन गेला. कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेल्या दस्तलेखकाने मोजमाप विचारलं.

"बत्तीस गुनिले पन्नास, सोळाशे," काशीरामने सांगितलं. "अडीचशेनं चार लाख. आनि आठ फुटांचे एक लाख तिच्या खात्यात पोचले, ते बी लिवा. एकून पाच लाख. चाळीस बाय पन्नासला जेवडे होतात तेवडे."

दस्तलेखकाने मान डोलावली आणि सवयीने वर ठळक अक्षरात लिहिलं, बक्षीसपत्र. मग वाचून दाखवलं, "भाऊ काशीराम हे आपली बहीण बायजा हिला प्रेमापोटी बक्षीस..."

"थांबा," काशीराम म्हणाला. "बक्षीस कसलं?"

"अहो, बहिणीला देताना असंच लिहितात. तुम्ही देताय ना?"

"मी कोन देनारा? बापाची जमीन, दोघांची. फाडा तो कागद. वाटनीपत्र लिवा."

दस्तलेखक कुरकुरला, नवा कागद, नवा मजकूर, दुपार होईल म्हणाला. काशीराम समोरच्या पायरीवर ऐसपैस बसला. "होऊ दे दुपार," म्हणाला.

बायजाने पदराने डोळे पुसले, त्याच्या शेजारी जागा केली आणि बसली.