मंगळवार माझा, बुधवार अव्वांचा

बुधवारी सकाळी मी उपास सोडायला बसणार, तेवढ्यात उमरग्याहून तुमच्या बाबांचा, शिवूचा, फोन आला. "आई, अव्वा गेली," एवढंच तो म्हणाला. ताट तसंच झाकून मी निघाले. धाराशिव ते उमरगा हा रस्ता मला पाठ आहे, पण त्या दिवशी तो संपेचना. जळकोट मागं पडलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की पायात दोन वेगवेगळ्या चपला आहेत. तुम्ही मुलं म्हणता, आजीचं सगळं जागच्या जागी असतं. गेले काही आठवडे तसं नाही. कपाट आवरायला घेते आणि अर्ध्यात उठते. म्हणून आज ठरवून लिहायला बसले आहे. तुमची उमरग्याची आजी, तुमची अव्वा, माझी विहीण कशी झाली आणि होता होता कशी राहिली असती, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

तुमची आई मीनल आणि शिवू पुण्याला एकत्र शिकले आणि तिथंच त्यांनी ठरवलं. जात वेगळी. ते लिंगायत, कापडाचे व्यापारी, घरात निम्मं कन्नड. आमच्याकडून विरोध नव्हता. त्यांच्या घरात मात्र एकच धास्ती होती, की ही शिकलेली माणसं आपल्याला कमी लेखतील, आपल्या हातचं खाणार नाहीत. बोलणी करायला त्यांनी बोलावलं तो नेमका मंगळवार. दुकान त्याच दिवशी बंद असायचं, म्हणून दिवस बदलता येत नव्हता. मंगळवारी मी तुळजाभवानीचा कडक उपास करते आणि बुधवारी सकाळी सोडते. तिथं जाऊन ऐन ताटावर 'नको' म्हणणं बरं नाही, म्हणून मी आधीच फोन करून सांगितलं. पलीकडून अव्वांचा मोठा आवाज आला, "व्हय व्हय, आमी बी उपास करतो की! उपासाचंच करते. काळजी करू नका."

गेलो. हातपाय धुणं झालं आणि ताटं आली. माझ्या ताटात वाफाळतं उप्पीट आणि शेजारी अवलक्की, म्हणजे हळद, मोहरी, कढीपत्त्याच्या फोडणीत लावलेले कुरकुरीत पातळ पोहे. डाळवं, खोबऱ्याचे काप, सगळं निगुतीनं केलेलं. त्यांच्याकडं उपासाला शिजवलेला भात आणि भाकरी तेवढी वर्ज्य. उप्पीट आणि पोहे चालतात. आपल्याकडं रवा म्हणजे गहू, पोहे म्हणजे तांदूळ. धान्याचा कणही नको. हळद, मोहरी, हिंग हेसुद्धा नको. साबुदाणा, भगर, शेंगदाणे, बटाटा, जिरं, तूप, दूध एवढंच. दोघींनी आपापल्या परीनं चोख केलं होतं, आणि ताट माझ्यासमोर निवत होतं.

सगळ्यांची नजर माझ्या हाताकडं होती. तुमचे धाराशिवचे आजोबा मात्र दुसऱ्यांदा उप्पीट घेत होते. अव्वांची जाऊ, नीलाकाकू, दारात उभी होती. ती म्हणाली, "उपासाचं करून बी हात लावंनात. आमच्या हातचं चालत न्हाय म्हणा की सरळ!" अव्वांच्या हातातला चमचा तेवढा थांबला. मीनलकडं बघायचा मला धीर होईना. आता 'नको' म्हटलं तर ते त्या पोह्यांना नाही, त्या घराला होणार होतं. आणि खाल्लं तर...

मी ताट सरकवलं नाही. त्याला हात लावून कपाळाला लावला. मग तांब्या उचलून सगळ्यांच्या देखत भांडंभर पाणी प्यायले. घरचं पाणी पोटात गेल्यावर जातीचा संशय उरत नाही, हे मला ठाऊक होतं. आणि अव्वांना म्हटलं, "ताई, मला भूक लागलीय. तुमच्या हातचंच खायचंय. स्वयंपाकघरात येऊ का?"

आत चुलीपाशी आम्ही दोघीच. मी सांगितलं, "मीनल तान्ही असताना तापानं फणफणली होती. दूध ओढेना. तेव्हा भवानीआईला बोलले, हिला वाचव, जिवात जीव आहे तोवर मंगळवारी धान्याला शिवणार नाही. तीच मुलगी तुमच्याकडं येतेय ताई. तिच्यासाठी धरलेला उपास तिच्याच सोयरिकीच्या दिवशी कसा मोडू?"

अव्वा माझ्याकडं वळल्या. "अय्यो, मग हे बाहेर का न्हाय बोललात?"

"पोरीच्या दुखण्याचं बोलणी चालू असताना बोलू?"

त्या खळकन हसल्या. "हुशार हाय बाई तुमी." आणि एकेक विचारायला लागल्या. दूध चालतंय? गूळ? शेंगा? मीठ? भांडं फोडणीचं नको न्हवं? वेगळी कढई घासून त्यांनी शेंगदाणे भाजले, गूळ फोडून दिला, कपभर दूध तापवलं. मी ते बाहेर सगळ्यांत बसून खाल्लं. निघताना अव्वांनी ती अवलक्की पितळी कडीच्या डब्यात भरली आणि नीलाकाकूला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "उद्या उपास सोडता न्हवं, विहीणबाई? मग आमच्याच हातच्यानं सोडा!"

विहीणबाई हा शब्द त्या घरात तेव्हा पहिल्यांदा उच्चारला गेला. तुमच्या आईनं ओढणीत तोंड लपवलं.

तेव्हापासून डबा कधी एसटीनं, कधी कुणाच्या हाती येत राहिला. अवलक्की यायची, मी शेंगदाण्याचे लाडू भरून धाडायचे. माझा बुधवार त्यांच्या हातच्यानं उजाडायचा.

शेवटची भेट त्या फोनच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, दवाखान्यात. मी लाडू नेले होते. त्यांची मूत्रपिंडं थकली होती, डॉक्टरांनी शेंगदाणे बंद केले होते. ते मला ठाऊक नव्हतं. अव्वांनी डबा मांडीवर घेतला, झाकण उघडून वास घेतला, कपाळाला लावला. "भूक हाय, पर डॉक्टरनं उपास धरायला लावलाय," म्हणाल्या. मग एक लाडू उचलून माझ्या तोंडापुढं धरला. "आज मंगळवार. तुमास्नी चालतंय. खावा, म्या बघते." पाणीसुद्धा त्यांना मोजून मिळत होतं, आणि मी त्यांच्यासमोर लाडू खाल्ला... नको म्हणायची पद्धत मीच त्यांना दाखवली होती ना!

दुसऱ्या दिवशी, त्या बुधवारी, सगळं उरकून, न्हाणं आटोपून बायका बसल्या होत्या. मी अंगणात नुसती येरझाऱ्या घालत होते. नीलाकाकूनं मला हाताला धरून बसवलं आणि तोच डबा पुढं केला. "सकाळपास्नं उपाशी हायसा. अक्कानं परवाच मला करून ठेवायला सांगितलं हुतं. बुधवारी विहीणबाईला लागतंय म्हणाली. सोडा आता."

मी खाल्लं. हळद किंचित जास्त होती. काकू शेजारी रडत होती आणि मध्येच म्हणत होती, "चांगलं झालंय न्हवं?"

डबा आता माझ्याकडं आहे. दर बुधवारी मी तो काढते, पुसते, कडी लावून पाहते, पुन्हा फळीवर ठेवते. पुन्हा काढते. आलेला डबा रिकामा परत धाडायचा नसतो, हे तुम्हाला मी शिकवलंय. काल शेंगदाणे भाजून, सोलून ठेवले. गूळही चिरला. पण लाडू वळायला हात होत नाही. भरला, की तो जाणार.